रात्रीचं रडणं आणि कानाचं दुखणं

दहा महिन्यांचं बाळ रात्री दोन-तीनदा उठतं, यात काही वावगं नाही. या वयात झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं आणि दोन चक्रांच्या मधे बाळ कुरकुरतं. त्याला उचललं, पाजलं, थोपटलं की पुन्हा झोपतं, आणि खाली ठेवल्यावरही झोपलेलं राहतं.

आता समजा, याच बाळाला चार दिवसांपासून सर्दी आहे. आज रात्री ते किंचाळत उठलं. खांद्यावर उभं धरलं तर जरा शांत झालं, पण गादीवर आडवं करताच पुन्हा कळवळून रडू लागलं. भूक आहे, छातीला तोंडही लावतं, पण दोन घोट घेऊन सोडून देतं आणि रडतं. अशा वेळी कानाचा विचार आधी करावा.

नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी एक नळी असते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते, आत पाणी साचतं, त्यात जंतू वाढून पू होतो आणि कानाचा पडदा बाहेर फुगतो. दुखतं ते या ताणामुळे. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि नळीची सूजही. शिवाय झोपेत आपण कमी गिळतो, त्यामुळे नळी कमी वेळा उघडते. चोखताना-गिळताना कानातला दाब बदलतो, म्हणून दूध घेतानाही कळ येते.

नुसतं कान ओढणं ही मात्र भरवशाची खूण नाही. दमलेली, झोपेला आलेली मुलंही कान ओढतात. आणि सणसणून ताप आला तर तो दातांवर ढकलू नये. दात येताना एवढा ताप येत नाही.

त्या रात्री करायचं ते दुखणं कमी करणं. बाळाच्या वजनानुसार डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटॅमॉल द्यावं. बाटलीवरची ताकद नक्की वाचा, कारण 5 मिलीमध्ये 125 आणि 250 मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात. कोमट तेल किंवा लसणाचं तेल कानात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जातं, आणि सकाळी डॉक्टरांना पडदाही नीट दिसत नाही.

प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही. मूल मोठं असेल आणि त्रास सौम्य असेल, तर डॉक्टर दोन-तीन दिवस वाट पाहतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र ते बहुधा सुरू करतात.

कधी पहाटे रडणं अचानक थांबतं आणि उशीवर पिवळसर डाग दिसतो. पडदा फुटून पू बाहेर आला, म्हणून ताण उतरला. असा पडदा बहुतेकदा आपोआप भरून येतो, तरीही त्याच दिवशी कान दाखवावा. कानामागे लाल सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, बाळ सुस्त पडलं किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.