अकाउंट लॉक झालं आणि गिफ्ट कार्डाचे पैसे आतच अडकले? अर्ज कुठे करायचा, कागद कुठले लागतात

दिवाळी झाली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न येतोच. ऑफिसने गिफ्ट कार्ड दिलं, अॅपमध्ये टाकलं, दोन दिवसांनी अकाउंट लॉक, आणि आता लॉगिनच होत नाही तर पैसे मागायचे कोणाकडे. मी गेल्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच जणांना मेल लिहून दिलेत त्यामुळे कुठे रिजेक्ट होतं ते आता जवळजवळ पाठ झालंय.

पहिली चूक म्हणजे सगळे एकच वाक्य लिहितात, "माझं अकाउंट चालू करा." अकाउंट चालू करायचं की नाही हे कंपनीची फसवणूक तपासणारी टीम ठरवते, ती कारण सांगत नाही आणि बहुतेक वेळा "निर्णय अंतिम आहे" असं छापील उत्तर येतं. पैसे हा वेगळा विषय आहे. अकाउंट नाही दिलं तरी त्यातली शिल्लक मागता येते, पण ती वेगळ्या मेलने, वेगळ्या शब्दांत मागावी लागते. एकाच मेलमध्ये दोन्ही लिहिलं की मेल अकाउंटवाल्यांच्या रांगेत जातो आणि तिथेच राहतो.

आणि दुसरं, अॅपमध्ये दिसणारी शिल्लक हा एक आकडा असला तरी आतले पैसे एका जातीचे नसतात. भांडुपच्या एका ताईंची केस सांगते म्हणजे कळेल. त्यांच्या अकाउंटला 7,350 रुपये अडकले होते. त्यातले 5,000 ऑफिसच्या दिवाळी कार्डाचे, 2,000 भाऊबीजेला भावाने पाठवलेल्या कार्डाचे, आणि 350 रुपये परत केलेल्या कुर्तीचे, जे बँकेत न येता स्टोअर क्रेडिट म्हणून जमा झालेले. ताई तीन आठवडे चॅटवर 7,350 मागत बसल्या होत्या. आम्ही तिन्हीचे तीन वेगळे अर्ज केले तेव्हा गाडी हलली.

आता हे वेगळं कशाला करायचं? जे कार्ड अनेक ब्रँडच्या दुकानांत चालतं किंवा ज्या अॅपवर वेगवेगळे विक्रेते माल विकतात तिथलं कार्ड, ते साधारणपणे रिझर्व्ह बँकेच्या नियमातलं प्रीपेड साधन असतं. ते काढणाऱ्या कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, आणि ही कंपनी बरेचदा दुकानवाल्यापेक्षा वेगळीच असते. कार्डाच्या मागे किंवा मेलच्या अगदी तळाला बारीक अक्षरात "इश्यूड बाय" च्या पुढे तिचं नाव असतं, ते आधी शोधा. पण एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेलं कार्ड किंवा रिफंडचं क्रेडिट हे बंद प्रकारचं मानतात, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, म्हणून तिथे रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करून उपयोग नाही, तो ग्राहक कायद्याचा मामला. लोक नेमकं उलट करतात, 350 च्या क्रेडिटसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातात आणि महिनाभराने "आमच्या कक्षेत नाही" असं उत्तर घेऊन येतात.

रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमात गिफ्ट कार्डासाठी मर्यादा आहे 10,000 रुपये प्रत्येकी, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोख काढता येत नाही. "रोख देता येत नाही" एवढंच वाक्य कस्टमर केअरवाले तोंडावर मारतात. पण त्याच नियमात असंही आहे की कार्डधारकाने संमती दिली तर पैसे ज्या खात्यातून भरले होते त्या खात्यात परत पाठवता येतात. पाठवता येतात, पाठवलेच पाहिजेत असं नाही. त्यामुळे "आरबीआयचा आदेश आहे" असं ठोकून देऊ नका, समोरचा लगेच पकडतो. "नियमात मुभा आहे, माझी संमती सोबत जोडली आहे, नाकारत असाल तर कारण लेखी द्या" असं लिहा. आणि तुमच्या खात्यात मागू नका, मूळ खात्यात मागा, निम्मे अर्ज इथेच पडतात.

आता खरी अडचण, जो कागद कोणाकडेच नसतो तो. कंपनी मागते खरेदीचा पुरावा. अहो पण गिफ्ट आहे ना, खरेदी दुसऱ्याने केलीय! कार्ड आलेला मेल हा खरेदीचा पुरावा धरत नाहीत, त्यांना लागते ऑर्डर झाल्याची पावती, आणि ती देणाऱ्याच्या मेलमध्ये असते. ताईंच्या भावाकडून आम्ही दोन गोष्टी घेतल्या, ऑर्डरचा मेल (फॉरवर्ड करून, स्क्रीनशॉट नको, त्यात तारीख आणि पाठवणारा कापला जातो) आणि बँक स्टेटमेंटचं ते एक पान ज्यात 2,000 ची नोंद आणि यूपीआयचा 12 आकडी यूटीआर नंबर दिसतो. बाकीच्या ओळी काळ्या करा, चालतं. काही ठिकाणी क्रेडिट कार्डाचं बिल मागतात ज्यावर नाव आणि पत्ता असेल, पण पैसे यूपीआयने भरले असतील तर असं बिल नसतंच, मग तसं स्पष्ट लिहून स्टेटमेंट आणि पासबुकचं पहिलं पान जोडायचं. रिकामं सोडलंत की "अपूर्ण कागदपत्रं" म्हणून बंद.

ऑफिसच्या कार्डाचं अजून वाकडं. तिथे मूळ खातं कंपनीचं, त्यामुळे पैसे तुमच्याकडे येणारच नाहीत. एचआरला सांगून त्यांच्याकडून एक मेल पाठवून घ्यायचा की अमुक सिरीयल नंबरचं कार्ड आम्ही अमुक कर्मचाऱ्याला दिलं आणि ते रद्द करून त्याच रकमेचं नवीन द्यायला आमची हरकत नाही. बहुतेक एचआर असली कार्डं एकगठ्ठा कुठल्यातरी व्हाउचर विकणाऱ्याकडून घेतात, त्या विकणाऱ्याकडे कोणाला कुठला नंबर गेला त्याची एक्सेल शीट असते, ती ओळ मागून घ्या.

ओळखपत्रात एकच गोम आहे, नाव. अकाउंटला "पिंकी" आणि पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तिन्ही जुळत नसतील तर लग्नाचा दाखला किंवा गॅझेटची प्रत पहिल्याच मेलला जोडा. आधार मास्क केलेलंच द्या. मोबाईल नंबर बदललाय म्हणून लॉक झालं असेल तर जुना नंबर आता दुसऱ्या कोणाकडे गेलाय का ते बघा, कारण 90 दिवस न वापरलेला नंबर मोबाईल कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला देऊ शकते, मग ओटीपी त्या अनोळखी माणसाला जात राहतो.

तारखांचा घोळ. कार्डाची मुदत निदान एक वर्ष असते, पण ती कार्ड भरल्यापासून मोजतात, तुम्ही अॅपमध्ये टाकल्यापासून नाही. आणि अकाउंट लॉक असलं म्हणून ती थांबत नाही! ताईंचं ऑफिसचं कार्ड 18 ऑक्टोबरला निघालेलं, टाकलं 4 नोव्हेंबरला, त्या मुदत पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत धरून बसलेल्या. म्हणून पहिल्याच मेलमध्ये एक ओळ टाकायची, "तक्रार चालू असताना मुदत संपल्यास कार्डाची मुदत वाढवून द्यावी ही विनंती."

दुसरा घोळ 48 तासांचा. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत फक्त पोच द्यायची असते, निकाल एका महिन्यात. लोक तिसऱ्या दिवशी चिडून नवीन तक्रार टाकतात, मग जुनी बंद होते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. हे 30 दिवस लेखी तक्रारीपासून मोजले जातात, चॅट आणि फोन धरू नका. अधिकाऱ्याचं नाव आणि मेल अॅपच्या किंवा साइटच्या तळाला द्यावंच लागतं, शोधायला लॉगिन लागत नाही.

महिना गेला किंवा नकार आला की पुढची पायरी. प्रीपेड साधनवालं कार्ड असेल तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे, फुकट आहे, वकील लागत नाही, पण कंपनीला आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर आत घेतच नाहीत. माहितीसाठी 14448. स्टोअर क्रेडिट असेल तर 1915 ला फोन किंवा consumerhelpline.gov.in. ही हेल्पलाइन आदेश देत नाही, मध्यस्थी करते, पण 350 रुपयांसाठी कंपन्या सहसा तिथेच सोडून देतात. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथला अर्ज e-jagriti.gov.in वरून दाखल होतो, 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत, आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येतो, म्हणजे कंपनी बंगळुरूची असली तरी उपनगरवाल्यांना वांद्रे पूर्वच. खरं सांगू, 350 साठी तिथे जाऊ नका, एक सुट्टी त्याहून महाग पडते.

अजून दोन गोष्टी ज्या बघून बघून जीव जळतो. वैतागून "माझं अकाउंट डिलीट करा" असं लिहू नका, त्यासोबत शिल्लक सोडल्याची संमती घेतात आणि मग आपल्याच हाताने केस संपते. आणि उरलेली कार्डं त्याच फोनवर नवीन अकाउंट काढून टाकू नका, ते अकाउंटही जातं, कारण लॉक बरेचदा फोन आणि पत्ता बघूनच लागतो. न खरवडलेलं कार्ड तसंच ठेवा, इश्यू करणाऱ्याला फक्त सिरीयल नंबर द्या, पिन नाही. गुगलवर सापडलेल्या "कस्टमर केअर" नंबरला तर अजिबात फोन करू नका, तो स्क्रीन शेअर करायला लावेल, गेले पैसे तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि टेलिग्रामवर 30 टक्के स्वस्त घेतलेलं कार्ड असेल तर बहुधा चोरीच्या पैशाचं असतं, त्याची खरेदी सिद्ध होत नाही, तिथे मी पण हात टेकते.

ताईंचं काय झालं? भावाचे 2,000 एकोणिसाव्या दिवशी भावाच्या खात्यात आले, त्याने जीपे केले. 350 हेल्पलाइनच्या तक्रारीनंतर आले. 5,000 ला एचआरमुळे सहा आठवडे लागले, नवीन कोड कंपनीच्या मेलवर आला आणि एचआरवाली बाई सुट्टीवर म्हणून आणखी चार दिवस पडून राहिला. जुनं अकाउंट अजून लॉकच आहे. नवीन कोड ताईंनी अॅपमध्ये टाकलाच नाही, दुकानात चालत होता म्हणून मुलुंडच्या मॉलमध्ये जाऊन एकाच दिवशी मिक्सर घेऊन संपवला.