हातचा नेमका परीक्षेतच का सुटतो? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

परीक्षेची जास्त धास्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांना सरासरीने काहीसे कमी गुण मिळतात, हे संशोधकांना १९५०च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसत आले आहे. त्यावर फारसे दुमत नाही. दुमत आहे ते कारणाबद्दल. भीतीमुळे येत असलेलेही सुचत नाही, की मुळात अभ्यास कच्चा असतो आणि तो कच्चा आहे हे आतून ठाऊक असल्यामुळेच भीती वाटते? आज शिक्षक, पालक आणि समुपदेशक ज्या सूचना देतात त्यांतल्या बऱ्याच या प्रश्नाचे कोणते तरी एक उत्तर गृहीत धरून दिलेल्या असतात.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. १९६७ मध्ये अमेरिकेत परीक्षेच्या चिंतेचे दोन भाग वेगळे केले गेले. छातीची धडधड आणि हाताला सुटणारा घाम हा एक भाग. ‘नापास झालो तर?’, ‘बाकीच्यांचा पेपर संपत आला’ असे डोक्यात फिरणारे विचार हा दुसरा. गुणांशी जास्त संबंध दिसला तो विचारांचा, धडधडीचा कमी. पुढचे सगळे संशोधन या निष्कर्षावर उभे आहे, तरीही परीक्षेआधीचे सल्ले अजून धडधड शांत करण्यापाशीच थांबतात.

त्याच सुमारास स्मृतीचा अभ्यास वेगळ्या वाटेने चालला होता. १९७४ मध्ये दोन ब्रिटिश संशोधकांनी मांडले की क्षणभर लक्षात ठेवणे आणि त्याच वेळी त्या माहितीवर काम करणे या दोन्ही गोष्टी एकाच मर्यादित यंत्रणेत घडतात. हीच कार्यस्मृती. त्यांच्या मांडणीत ऐकलेले किंवा मनात उच्चारलेले शब्द घोकून टिकवणारा एक भाग आहे, चित्र आणि जागा सांभाळणारा दुसरा, आणि लक्ष कुठे द्यायचे ते ठरवणारा एक नियंत्रक. तिची मर्यादा आधी साधारण सात गोष्टी मानली जाई. घोकण्याची आणि गट पाडण्याची सोय काढून घेतली तर ती चारच्या आसपास येते, असे २००१ मधील एका आढाव्याने दाखवले.

ही दोन संशोधने जोडणारा सिद्धान्त १९७९ पासून आकार घेत १९९२ मध्ये स्पष्टपणे मांडला गेला. काळजीचे विचारसुद्धा शब्दांतच येतात, लक्षही मागतात, म्हणून ते उत्तर काढायला लागणारीच जागा अडवतात, असे त्याचे म्हणणे. मात्र १९८०च्या दशकात दुसरी बाजूही भक्कम झाली होती. घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी सरासरीने कमकुवत आढळत होत्या. जे मुळात पक्के झालेले नाही ते भीतीने हिरावले कसे, हा त्या बाजूचा सवाल आजही रास्त आहे.

वाद पुढे सरकला तो गणितामुळे, कारण तिथे कार्यस्मृतीवरचा भार हवा तसा वाढवता येतो. २००१ च्या एका प्रयोगात गणिताची भीती कमी-जास्त असलेल्या विद्यार्थ्यांना काही अक्षरे मनात धरून तोंडी बेरजा करायला सांगितल्या. अक्षरे थोडी असताना किंवा बेरीज बिनहातच्याची असताना दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही. अक्षरे जास्त आणि बेरीज हातच्याची असे जुळून आले की जास्त भीती असलेल्यांच्या चुका एकदम वाढल्या. बेरीज येतच नसती तर सोप्या बेरजांतही ते अडखळले असते. फरक उघड झाला तो जागा अपुरी पडू लागल्यावर.

त्यानंतर २००४ ते २००७ दरम्यान झालेले दडपणाखालचे प्रयोग मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतात. त्यातला एक नमुना असा: ५१ मधून १९ वजा करा, उरलेल्या संख्येला ४ ने निःशेष भाग जातो का, हो की नाही? १ मधून ९ जात नाहीत, म्हणून दशक सुटा करायचा. ११ वजा ९, उरले २. दशकाच्या जागी आता ५ नाही, ४ आहेत, हे विसरायचे नाही. ४ वजा १, म्हणजे ३. ते ३ आणि मघाचे २ जोडून ३२. आता भाजक ४ होता हे आठवून भाग द्यायचा. भाग जातो, उत्तर ‘हो’. कागद नसेल तर मधल्या टप्प्यावर सुटा केलेला दशक, एककाचे २ आणि भाजक या तीन गोष्टी एकदम धरून ठेवाव्या लागतात. त्यात ‘वेळ संपत आली’ हे वाक्य घोळू लागले की सहसा जातो तो सुटा केलेला दशक, आणि ३२ ऐवजी ४२ येतात.

प्रयोगात बक्षिसाचे पैसे, जोडीदाराचे बक्षीस आपल्यावर अवलंबून असणे आणि कॅमेऱ्याने चित्रीकरण असे दडपण आणले होते. सोपी उदाहरणे टिकली, अवघड उदाहरणे ढासळली. आणि ढासळले ते कार्यस्मृती मोठी असलेले विद्यार्थी! एरवी ते सगळे टप्पे मनात धरून नेटाने सोडवत आणि म्हणूनच पुढे असत. दडपणाने ती जागा खाल्ली आणि ते इतरांच्या पातळीवर आले. लहान कार्यस्मृतीचे विद्यार्थी आधीपासूनच अंदाज आणि सोप्या युक्त्या वापरत होते, त्यांचे फारसे बिघडले नाही. वर्गातला हुशार मुलगा नेमका पेपरात कोसळतो तेव्हा ‘अभ्यास केला नसेल’ हे उत्तर किती अपुरे असू शकते, ते इथे कळते. आणखी एक गोष्ट दिसली: तीच उदाहरणे आधी अनेकदा सोडवून उत्तर थेट आठवू लागले की दडपणाचा परिणाम नाहीसा होई. नव्या उदाहरणांत तो पुन्हा दिसे.

या यशानंतर उपायांची घाई झाली. परीक्षेआधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढली तर गुण वाढतात, असा २०११ चा निष्कर्ष जगभर पोहोचला. २०१८ मध्ये गाजलेले अनेक प्रयोग नव्याने करून पाहण्यात आले, त्यात हा परिणाम पुन्हा मिळाला नाही. तो सल्ला मात्र अजून दिला जातो.

आणि २०२२ मध्ये जुना सवाल परत आला. जर्मनीतील वैद्यकीय विद्यार्थ्यांची अंतिम परीक्षेआधीच्या ऑनलाइन सरावातली कामगिरी, चिंता आणि प्रत्यक्ष गुण असे तिन्ही तपासले गेले. सरावात दिसलेले ज्ञान लक्षात घेतल्यावर परीक्षेच्या दिवशीची चिंता गुणांबद्दल वेगळे काही सांगत नव्हती. चिंता करणाऱ्यांचे ज्ञान तयारीच्या काळातच कमी भरले होते. काहींनी यावरून भीतीने डोके अडते हा सिद्धान्तच मोडीत काढला.

मला हे घाईचे वाटते. ती परीक्षा मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांची, महिनोन्‌महिने घोटलेल्या ज्ञानावरची. आठवून उत्तर देता येते तिथे दडपणाने बिघडत नाही, हे २००४ मध्येच दिसले होते. भौतिकशास्त्राचे न पाहिलेले, चार पायऱ्यांचे उदाहरण ही वेगळी कसोटी आहे. शिक्षकाला हा फरक उत्तरपत्रिकेत शोधता येतो. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, पण मधला आकडा किंवा चिन्ह बदललेले, आणि तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी निवांतपणे अचूक सुटत असेल, तर जागा अपुरी पडल्याचा संशय घ्यावा. सूत्रच आठवले नसेल आणि घरीही आठवत नसेल, तर २०२२ चा निष्कर्ष लागू पडतो, आणि अशा मुलाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून काही होणार नाही.