गाडीचं चार्जिंग लागतं वरच्या स्लॅबला

इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला रुपयात पळते, असं शोरूममध्ये सांगतात. हा हिशोब बहुतेक वेळा विजेच्या सर्वात स्वस्त टप्प्यावर केलेला असतो. घरात मात्र त्या टप्प्यातली वीज फ्रिज, पंखे आणि गिझर यांनी आधीच वापरून संपवलेली असते. गाडी त्याच्या वर येऊन बसते, म्हणून तिला वरच्या स्लॅबचा दर लागतो.

महावितरणचं 2024-25 चं घरगुती दरपत्रक घेऊ. वीज आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून पहिल्या 100 मधलं युनिट साधारण 6.80 रुपयांना पडत होतं, 101 ते 300 मधलं युनिट 13.30 ला आणि 301 ते 500 मधलं 18.25 ला. दर बदलत राहतात, तेव्हा स्वतःचा हिशोब ताज्या बिलावरच्या आकड्यांनी करावा. रीत तीच राहते.

समजा घराचा वापर महिना 180 युनिट आहे आणि गाडी महिन्याला शहरात 1000 किलोमीटर चालते. मध्यम आकाराची गाडी शहरात बॅटरीतल्या एका युनिटवर सुमारे 7 किलोमीटर जाते, म्हणजे बॅटरीतून 143 युनिट खर्च होतील. पण मीटरवर पडतील साधारण 162, कारण घरी येणारा प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाह गाडीतला चार्जर बॅटरीला लागणाऱ्या एकदिश म्हणजे डीसी प्रवाहात बदलतो आणि त्यात, शिवाय वायरमध्ये, दहा-बारा टक्के वीज उष्णता होऊन जाते. घर आणि गाडी मिळून 342 युनिट झाली. गाडीच्या 162 पैकी 120 युनिट दुसऱ्या टप्प्यात बसली आणि उरलेली 42 तिसऱ्यात गेली. खर्च झाला सुमारे 2,360 रुपये, म्हणजे किलोमीटरला 2.36. सगळी युनिट पहिल्या टप्प्याच्या दराने मोजली असती, तर हाच आकडा 1.10 आला असता.

ज्या घरात एसीमुळे आधीच 350 युनिट जळतात, तिथे तीच गाडी किलोमीटरला जवळजवळ 3 रुपये घेते. अशा घराने गाडीसाठी वेगळी जोडणी घेण्याचा विचार जरूर करावा. 2024 च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने ग्राहकाला तशी जोडणी मागता येते, आणि चार्जिंगच्या वेगळ्या वर्गाच्या दराला घरगुती टप्पे लागत नाहीत. मात्र त्या मीटरचा स्थिर आकार दरमहा भरावा लागतो, तो किलोमीटरवर वाटूनच तुलना करावी.

स्वतःच्या गाडीचा खरा आकडा काढायला डॅशबोर्ड पुरत नाही. तो फक्त बॅटरीतून गेलेली वीज दाखवतो, चार्जिंगमधली गळती त्यात येत नाही. त्यामुळे चार्जिंग सुरू करताना आणि संपल्यावर मीटरचं रीडिंग लिहून ठेवावं. त्या वेळात एसी, गिझर बंद असावेत. 40 युनिटची बॅटरी 20 वरून 100 टक्के केली, तर बॅटरीत 32 युनिट जातात, पण मीटर 36 च्या आसपास पुढे सरकलेलं दिसेल. 15 अँपिअरच्या सॉकेटवर याला बारा तास लागतात, आणि या सबंध वेळात गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स व बॅटरीवरची देखरेख यंत्रणा जागी असते. चार्जिंग जितकं हळू, तितका हा वरखर्च जास्त. फरक याहून बराच मोठा निघाला तर आधी सॉकेटला हात लावून पाहावा. तो चटका देत असेल किंवा पिनेभोवती तपकिरी डाग असेल, तर जोड सैल आहे. तिथे चार्जिंग ताबडतोब थांबवून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घ्यावं.

आता फास्ट चार्जर. युनिटला 20 रुपये दर दिसला, तरी त्यावर 18 टक्के जीएसटी धरायचा, म्हणजे 23.60. आणि फास्ट चार्जर लागतो तो मुख्यतः हायवेवर. तिथे 100 च्या वेगात हवेचा रोध वाढतो आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीज जवळपास मिळतच नाही, म्हणून युनिटला 6 किलोमीटर धरलेले बरे. किलोमीटरला 3.93 आले. दर 24 असेल तर 4.72.

पेट्रोलचं इथे उलट होतं. लिटरला 104 रुपये धरले, तर शहरात 13 चं मायलेज देणारी गाडी किलोमीटरला 8 रुपये घेते. हायवेवर तिचं मायलेज 17 पर्यंत चढतं आणि खर्च 6.12 वर उतरतो. म्हणजे शहरात घरच्या चार्जिंगवर किलोमीटरमागे साडेपाच रुपयांहून जास्त वाचतात, तर हायवेवर फास्ट चार्जरने सुमारे दोन रुपये किंवा त्याहूनही कमी. याच आकड्यांनी पाहिलं तर जीएसटीआधीचा दर युनिटला 31 रुपयांच्या आसपास गेला की हायवेवरची बचत शून्य होते. तेव्हा लांबच्या प्रवासाला निघण्याआधी वाटेतल्या चार्जरचे दर अ‍ॅपवर पाहून घ्यावेत, आणि निघताना बॅटरी घरूनच पूर्ण भरलेली असावी.