सारांश आणि ठळक मुद्दे: लांब लेखाच्या माथ्यावरच्या चौकटीत काय जातं?

लांब लेखाच्या सुरुवातीला ‘ठळक मुद्दे’ अशी चौकट असते आणि बरेचदा तिच्यात लेखाचा सारांशच भरलेला असतो. दोन्ही छोटे, दोन्ही लेखातूनच काढलेले, त्यामुळे गल्लत सहज होते. पण सारांश सांगतो लेखात काय आहे. चौकट सांगते, लेख न वाचता निघून जाणाऱ्या माणसाने निदान काय घेऊन जावं.

समजा, फोनमधल्या फोटोंच्या बॅकअपवर अडीच हजार शब्दांचा लेख आहे. पहिला भाग फोटो कशामुळे गमावले जातात याचा. मग हार्ड डिस्क आणि क्लाउड यांची तुलना. हा सर्वात मोठा भाग, निम्मा लेख त्यातच जातो. त्यानंतर सिंक आणि बॅकअप एकच नाहीत हे सांगणारे दोन परिच्छेद, तीन प्रतींच्या नियमाबद्दल थोडंसं, आणि शेवटी एकच वाक्य: बॅकअपमधून फोटो परत मिळतो का, ते तपासा.

सारांश लिहिणारा हे प्रमाण पाळतो. तुलना मोठी, म्हणून तिला दोन वाक्यं; शेवटचं वाक्य बहुधा गळतंच. सारांशाच्या बाबतीत ते योग्यही आहे. चौकटीत मात्र हे प्रमाण मोडावं लागतं. तुलनेतून निघतं काय, तर दोन्ही चालतात, गरजेप्रमाणे निवडा. तेवढ्यासाठी ओळ खर्चायचं कारण नाही. उलट त्या शेवटच्या एका वाक्यावर वाचकाचे फोटो वाचणं-न वाचणं ठरतं, म्हणून त्याला पूर्ण ओळ. लेखकाला हे जड जातं. ज्या भागावर सर्वात जास्त मेहनत घेतली, तोच चौकटीत दिसत नाही.

आता नेहमी दिसणारी चौकट पाहा:

- फोटो गमावण्याची कारणं आणि बॅकअपचं महत्त्व
- हार्ड डिस्क आणि क्लाउड यांची सविस्तर तुलना
- सिंक आणि बॅकअप यांतला फरक

ही धड सारांशही नाही, नुसती अनुक्रमणिका आहे. फरक आहे हे कळलं, पण फरक काय ते कळलं नाही. त्याच लेखाची खरी चौकट अशी होईल:

- सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक चालू असताना फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडमधूनही जातो. ट्रॅशमध्ये ठरावीक दिवसच राहतो.
- तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.
- बॅकअपमधून एखादा फोटो परत उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असं धरू नका.

ओळ चौकटीत ठेवायची की नाही, हे ठरवायला मी एक साधी चाचणी लावतो: तिच्या उलट वाक्य लिहून पाहायचं. ‘सिंक केलं की बॅकअप झाला’ असं मानणारे पुष्कळ आहेत, म्हणजे ती ओळ काहीतरी सांगते. ‘बॅकअप महत्त्वाचा नाही’ असं कोणीच म्हणत नाही. मग ‘बॅकअप महत्त्वाचा आहे’ या ओळीत दम नाही, काढून टाका.

दुसरी अडचण छाटणीची. ओळ आखूड करताना अट आधी उडते. पहिल्या ओळीतून ‘सिंक चालू असताना’ काढलं, तर उरतं: ‘फोनवर डिलीट केलेला फोटो क्लाउडमधूनही जातो.’ हे नेहमी खरं नाही. काही अ‍ॅपमध्ये फोनमधली जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय असतो. त्याने फोनवरची प्रत जाते, क्लाउडमधली राहते. सारांशात अट सुटली तरी वाचक पुढे लेखात ती वाचतो. चौकट वाचून निघून गेलेल्याला ती कधीच भेटत नाही. म्हणून ओळ लांबली तरी चालेल, अट ठेवा. जागा कमी पडली तर अख्खी ओळ काढा. तीन ते पाच ओळी पुरतात. सात-आठ झाल्या, की निवड करायची राहून गेली आहे असं समजावं.

चौकट शेवटी लिहायची, हे ओघाने आलंच. प्रत्येक ओळीचा आधार लेखात बोट ठेवून दाखवता आला पाहिजे. नाही सापडला, तर तो मुद्दा आधी लेखात घाला. आणि चौकट झाली की पहिला परिच्छेद पुन्हा वाचा. तिथे बहुतेक वेळा तेच मुद्दे गद्यात पुन्हा येतात. अशा वेळी परिच्छेद कापायचा, चौकट नाही.

लेखात नंतर बदल केला, तर चौकटही त्याच वेळी तपासावी लागते. अ‍ॅपचा एखादा पर्याय बदलला म्हणून मजकूर दुरुस्त होतो आणि माथ्यावर जुनीच ओळ राहते. बहुतेकांनी वाचलेली तीच असते.

अनुभवकथन किंवा हळूहळू उलगडणाऱ्या शोधकथेला मात्र चौकट लावू नये. तिथे शेवट आधी सांगितला, तर वाचायला फारसं उरत नाही. तिथे फार तर सारांशाची एक ओळ द्यावी, तीही शेवट न फोडता.