डेटा लेबलिंग

संगणकाला शिकवण्यासाठी लागणारी छायाचित्रे, ध्वनिफिती आणि मजकूर माणसाने तपासून त्यांवर अर्थाची खूण करणे म्हणजे डेटा लेबलिंग. छायाचित्रात पादचारी कुठे आहे, ध्वनिफितीत नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, एकाच प्रश्नाच्या दोन उत्तरांपैकी कोणते सरस आहे, असे निर्णय यात घ्यावे लागतात. कंपन्यांच्या कार्यालयांत पगारी माणसेही हे काम करतात. या नोंदीत मात्र संकेतस्थळावर खाते उघडून घरून, नगावर मोबदला घेऊन होणाऱ्या कामाचा विचार केला आहे.

अशा कामाचा बाजार २००५ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅमेझॉन मेकॅनिकल टर्क या छोटी कामे वाटणाऱ्या ऑनलाइन मंचामुळे रुळला. २००९ मध्ये मांडला गेलेला इमेजनेट हा चित्रसंग्रह याच मंचावरच्या हजारो लोकांनी वर्गवारी केल्यामुळे उभा राहिला. पुढे वाहने, वैद्यकीय चित्रे आणि भाषेची प्रारूपे यांसाठी असे काम वाढत गेले.

एक टास्क, म्हणजे कामाचा एक नग, जवळून पाहिले की कामाचे स्वरूप कळते. पडद्यावर रस्त्याचे छायाचित्र येते आणि प्रत्येक पादचाऱ्याभोवती चौकट आखायची असते. हिला बाउंडिंग बॉक्स म्हणतात. पहिली दहा चित्रे सोपी वाटतात. मग गाडीमागे अर्धा झाकलेला माणूस येतो. चौकट दिसणाऱ्या अर्ध्या भागाभोवती काढायची, की पाय कुठवर असतील याचा अंदाज घेऊन पूर्ण माणसाभोवती? दुकानाच्या काचेत उमटलेले प्रतिबिंब, कपड्यांचा पुतळा, सायकलस्वार, कडेवरचे मूल यांना पादचारी धरायचे का? यांतल्या एकाही प्रश्नाला उपजत बरोबर उत्तर नाही. काम देणाऱ्याची गाइडलाइन म्हणेल ते बरोबर, आणि दोन प्रकल्पांच्या गाइडलाइन परस्परविरुद्ध असू शकतात. आधीच्या प्रकल्पाची सवय नव्या कामात तशीच वापरणे हे अनुभवी माणसाची टास्क नाकारली जाण्याचे नेहमीचे कारण आहे.

चौकट किती अचूक आहे हे साधारणपणे दोन चौकटींच्या परस्परव्याप्तीवरून मोजतात: दोन्हींत सामाईक असलेले क्षेत्रफळ भागिले दोन्हींनी मिळून व्यापलेले क्षेत्रफळ. समजा, खरी चौकट १०० बाय २०० पिक्सेलची आहे आणि आपण चारही बाजूंना १० पिक्सेल सैल आखली. मग २०,००० भागिले २६,४०० म्हणजे सुमारे ०.७६ येते. आता दूरचा, जेमतेम २० बाय ४० पिक्सेलचा माणूस घ्या. त्याच्याभोवती फक्त ५ पिक्सेलची ढिलाई ठेवली तरी ८०० भागिले १,५०० म्हणजे ०.५३ वरच गाडी अडते. डोळ्याला दुसरी चूक लहान दिसते, पण गुण तिथेच जास्त जातात. म्हणून लहान आकृत्या झूम करूनच आखाव्यात. त्यात वेळ जातो, आणि नगावरच्या कामात वेळ म्हणजेच मजुरी.

तपासणी सहसा दोन प्रकारे होते. एकीत, उत्तर आधीच ठरलेली काही टास्क कामात मिसळलेली असतात. त्यांना गोल्ड प्रश्न म्हणतात आणि ती ओळखू येत नाहीत. दुसरीत तेच चित्र तीन किंवा पाच जणांना देऊन बहुमत पाहिले जाते. या पद्धतींत एक अन्याय दडलेला आहे. गोल्डचे उत्तरच चुकीचे असू शकते किंवा बहुमतानेच घाई केलेली असू शकते, आणि नीट वाचून काम करणारा एकटा पडतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्रांची परीक्षा घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दहा नावाजलेल्या संचांमध्ये सरासरी तीन टक्क्यांहून अधिक लेबले चुकीची आढळली. म्हणून नियमाला धरून घेतलेला निर्णय नाकारला गेला, तर गाइडलाइनमधले नेमके वाक्य उद्धृत करून दाद मागावी. ‘मी मेहनत केली होती’ एवढ्यावर कोणी निकाल फिरवत नाही.

मोबदल्याचा अंदाज जाहिरातीतल्या दरावरून करू नये. एक काल्पनिक पण नेहमीच्या धाटणीचा हिशेब पाहू. एका चित्राला ४ सेंट आणि ४० सेकंदांत एक चित्र असे सांगितले आहे. म्हणजे तासाला ९० चित्रे आणि ३.६० डॉलर. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी गाइडलाइन वाचायला ४० मिनिटे आणि पात्रता चाचणीला ३० मिनिटे गेली. दोन्ही बिनपगारी. मधे टास्क संपली म्हणून ५० मिनिटे ताटकळण्यात गेली. उरलेल्या चार तासांत, चित्रामागे एक मिनिट या वेगाने, २४० चित्रे झाली, त्यांचे ९.६० डॉलर. त्यांतली २५ नाकारली गेली, म्हणून हाती ८.६० डॉलर. सहा तासांना भागले तर तासाला सुमारे १.४३. जाहिरातीच्या निम्म्याहूनही कमी. पुढच्या दिवसांत वाचन आणि चाचणी नसल्याने आकडा सुधारतो, पण प्रकल्प आठवड्याभरातच संपला तर तो खर्च वसूल होत नाही. मेकॅनिकल टर्कवरच्या कामगारांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१८ च्या एका अभ्यासात मध्यक कमाई तासाला सुमारे २ डॉलर निघाली, आणि ७.२५ डॉलरच्या वर केवळ ४ टक्के लोक पोहोचले होते. वैद्यक, कायदा, प्रोग्रॅमिंग यांसारखे ज्ञान लागणाऱ्या कामांना दर याच्या कितीतरी पट असतात. तिथेही काम सलग मिळेल याची हमी नसते.

नाकारलेल्या टास्कचा खरा फटका पैशांपेक्षा मान्यतेच्या टक्केवारीला बसतो. वरच्या उदाहरणात २४० पैकी २१५ मान्य झाली, म्हणजे ८९.६ टक्के. चांगली कामे पुष्कळदा ९५ टक्के किंवा त्याहून वरच्यांनाच दिसतात. तिथे परतायला यापुढची सलग २६० टास्क एकही न नाकारली जाता मान्य व्हावी लागतील. म्हणून नव्या प्रकल्पात आधी दहा-पंधराच टास्क करून निकालाची वाट पाहावी. काम देणाऱ्याला गाइडलाइनचा काय अर्थ अभिप्रेत आहे हे तेवढ्यात कळते, आणि चुकलेच तर नुकसान आवाक्यात राहते.

फसवणुकीची एक खूण पक्की आहे: नोंदणीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा अडकलेली कमाई सोडवण्यासाठी पैसे मागणारा काम देत नाही, पैसे उकळतो. आधी दोन-चार लहान रकमा खरोखर देऊन मग मोठी ‘अनामत’ मागण्याचा प्रकार विशेष घातक आहे, कारण मिळालेल्या रकमेमुळे विश्वास बसलेला असतो. दुसऱ्याचे पडताळणी झालेले खाते भाड्याने घेणेही तसेच. खाते बंद झाले की शिल्लक मूळ मालकाच्या नावावर अडकते आणि वापरणाऱ्याला दाद मागता येत नाही. मंच खरा असला तरी पैसे काढण्याची किमान रक्कम आणि हस्तांतराचा खर्च आधी पाहावा. किमान रक्कम गाठताच काढून घ्यावी, कारण खाते तपासणीसाठी गोठवले तर आतली शिल्लकही गोठते.

मजकूर लिहिण्याच्या किंवा उत्तरांची तुलना करण्याच्या कामात चॅटबॉटचे लिखाण आपले म्हणून देणारे अनेकदा पकडले जातात आणि कायमचे बाहेर काढले जातात. अशा कामात माणसाचा निर्णय हाच विकत घेतलेला माल असतो. आक्षेपार्ह मजकूर किंवा हिंसेची चित्रे तपासण्याची कामे मात्र वेगळी समजावीत. त्यांचा त्रास काम संपल्यावरही राहतो. वर्णनात तशी सूचना असेल तर दर पाहण्याआधी ती वाचावी, आणि सूचनेशिवाय असे काही समोर आले तर टास्क परत करावे. परत केलेले टास्क आणि नाकारले गेलेले टास्क यांत फरक आहे: मेकॅनिकल टर्कवर परत केल्याने मान्यतेची टक्केवारी घसरत नाही.