ग्रो मॉडेल: गाडी अडते ती 'आर'वर

टीममधला एखादा जण मागे पडायला लागला की आपण काय करतो, त्याला बाजूला घेतो, दोन मिनिटं ऐकल्यासारखं करतो आणि मग सुरू, असं कर, तसं कर, मी तुझ्या जागी होतो तेव्हा मी तर... तो मान हलवतो, हो हो म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी स्वतः हे कित्येक वर्षं केलंय त्यामुळे हक्काने सांगतोय.

याऐवजी सल्ला न देता प्रश्न विचारत समोरच्यालाच मार्ग शोधायला लावणारी बोलण्याची एक पद्धत आहे, ग्रो मॉडेल. ते 1980च्या दशकात ब्रिटनमध्ये आकाराला आलं, आणि सगळ्यात जास्त नाव जोडलं गेलं ते जॉन व्हिटमोर यांचं, जे त्याआधी चक्क रेसिंग ड्रायव्हर होते. चार अक्षरं, चार टप्पे: जी म्हणजे गोल, काय हवंय. आर म्हणजे रिअ‍ॅलिटी, आत्ता खरं काय चाललंय. ओ म्हणजे ऑप्शन्स. आणि डब्ल्यू म्हणजे विल, नक्की काय करणार नि कधी. पाठ करायला दोन मिनिटं लागतात, पण खरी गंमत आहे ती प्रश्न कसा विचारायचा यात.

ही कल्पना आली टेनिस कोचिंगमधून. खेळाडूला "बॉलकडे बघ" असं कितीही ओरडून सांगा, फारसा फरक पडत नाही. "बघतोयस ना?" विचारलं तर तो "हो" म्हणणार, खरं असो नसो. पण "बॉल येताना कुठल्या बाजूला फिरतोय?" असं विचारलं की उत्तर द्यायचं तर बघावंच लागतं. म्हणजे प्रश्नच त्याचं लक्ष जिथे पाहिजे तिथे नेतो. ऑफिसमधलं "का उशीर झाला?" हे त्या "बघतोयस ना?"चं भावंड आहे, त्यातून फक्त सबबी मिळतात. "पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काय झालं होतं?" याचं उत्तर देताना माणसाला तो दिवस परत डोळ्यासमोर आणावा लागतो.

आता माझ्या टीममधला एक किस्सा. एक डेव्हलपर, वर्षभर काही तक्रार नाही, आणि मग शेवटच्या 8 टिकिटांपैकी, म्हणजे नेमून दिलेल्या कामांपैकी, 5 उशिरा. माझ्या डोक्यात निदान तयार होतं: लक्ष नाहीये, टाइम मॅनेजमेंट शिकव याला. तरी ठरवलं की आज सल्ला द्यायचा नाही.

मी: या अर्ध्या तासातून तुला काय मिळायला हवं?
तो: टिकिटं वेळेवर जायला पाहिजेत.
मी: ते मला पाहिजे. तुला काय पाहिजे?
तो: (बराच वेळ गप्प) शुक्रवारी स्टेटस विचारलं की पोटात गोळा येतो. तो यायला नको.
मी: बरं. मागचं टिकिट घेऊ, 3 दिवसांचं होतं, 6 लागले. पहिल्या दिवशी काय झालं?
तो: कोड वाचला, दुपारपर्यंत निम्मं झालं पण होतं. मग पेमेंटचा जुना भाग आहे ना, तिथे अडकलो.
मी: किती वेळ?
तो: दोन दिवस... अडीच.
मी: तेवढ्यात कुणाला विचारावंसं वाटलं?
तो: वाटलं.
मी: मग काय झालं?
तो: मागे एकदा कॉलवर विचारलं होतं तर तुम्ही म्हणालात, "हे तर डॉक्युमेंटमध्ये आहे ना". सगळे होते तेव्हा.

इथे मला लगेच खुलासा करायचा होता, की अरे माझा तसा उद्देश नव्हता वगैरे. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी खुलासा सुरू केला असता तर तो मलाच समजावत बसला असता आणि रिअ‍ॅलिटी तिथेच संपली असती. म्हणून एवढंच म्हणालो, "हो, म्हणालो होतो. ते चुकलं माझं. बाकीच्या उशिरा गेलेल्या टिकिटांचं काय?" तर 5 पैकी 4 त्याच जुन्या भागातली निघाली! टाइम मॅनेजमेंटचा काही संबंधच नव्हता, आणि मी सल्ला दिला असता तर भलत्याच रोगावर औषध.

अजून एक, टप्पे सरळ रेषेत जात नाहीत. रिअ‍ॅलिटी नीट समजली की गोल बदलतं. मी परत विचारलं, आता काय हवंय, तर म्हणाला, "अडकलो तर अर्ध्या दिवसाच्या आत कुणाला तरी कळलं पाहिजे." हे मोजता येतं, आणि त्याच्या हातातलं आहे.

मी: त्यासाठी काय काय करता येईल?
तो: डॉक्युमेंट आधी नीट वाचेन.
मी: आणखी?
तो: ग्रुपवर विचारेन.
मी: आणखी?
तो: (शांतता) ज्यांनी तो भाग लिहिलाय त्यांच्याबरोबर टिकिट सुरू करायच्या आधीच एक तास बसलो तर?

पहिली दोन उत्तरं मला खूश करायला होती, तिसरं त्याचं स्वतःचं. "आणखी?" विचारून गप्प बसणं फार जड जातं, मी तर टेबलाखाली बोटं मोजत होतो. आणि "तुला नाही वाटत का की..." ने सुरू होणारा प्रश्न हा प्रश्न नसतो, तो वेष बदललेला सल्ला असतो, समोरच्याला ते लगेच कळतं.

मी: हे करशीलच याची खात्री 10 पैकी किती?
तो: 6.
मी: 8 व्हायला काय लागेल?
तो: त्या सीनियरना आधी कुणी सांगून ठेवलं तर बरं होईल.
मी: ते मी आज संध्याकाळपर्यंत करतो. आणि मधेच अडकलास तर?
तो: दोन तास एकाच जागी गेले, तर लगेच त्यांना मेसेज करेन.

हे "असं झालं, तर मी हे करेन" वाक्य साधं वाटतं पण त्यामागे बरंच संशोधन आहे. पीटर गोलवित्झर आणि पास्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये असल्या 94 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा नुसता इरादा असण्यापेक्षा अशा जर-तर प्लॅनने गोल गाठण्यात चांगलाच फरक पडलेला दिसला. कारण असं की ऐन वेळी ठरवत बसावं लागत नाही, दोन तास झाले ही खूणच काम सुरू करून देते. "यापुढे वेळेवर विचारेन" मध्ये अशी खूण नसते, त्यामुळे ती वेळ कधी येतच नाही.

आता हे कुठे चालत नाही ते पण सांगतो. ज्याला काम येतच नाही त्याला "तुला काय ऑप्शन दिसतात?" विचारणं म्हणजे छळ आहे, त्याला शिकवा. दोन जणांचं काम एकाच्या गळ्यात असेल तर काम कमी करा. तब्येतीचं किंवा घरचं काही असेल तर आधी सुट्टीचं बोला. आणि त्याला काढायचं आधीच ठरलं असेल तर हे नाटक अजिबात करू नका. रिअ‍ॅलिटीत यातलं काही निघालं की तिथेच थांबायचं, पुढची दोन अक्षरं पूर्ण करायचा अट्टहास नको.

पुढचं टिकिट वेळेवर गेलं. त्याच्यानंतरचं परत एक दिवस उशिरा, पण ते मला पहिल्याच दुपारी कळलं होतं त्यामुळे शुक्रवारी कुणाच्याच पोटात गोळा नव्हता. आणि सीनियरबरोबरच्या त्या तासात अजून एक गोष्ट निघाली. मी ज्या डॉक्युमेंटचा कॉलवर एवढा दाखला दिला होता, त्यात पेमेंटच्या त्या भागाबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.