एकर-गुंठ्याचे चौरस मीटर करताय? दस्त करण्याआधी हे वाचून घ्या

नाशिकला आमच्या ऑफिसात खरेदीखत किंवा बक्षीसपत्र करायला लोक येतात तेव्हा तोंडी क्षेत्र सांगतात एकर-गुंठ्यात, सातबारावर असतं हेक्टर-आरमध्ये आणि दस्तात लिहायचं असतं चौरस मीटरमध्ये. चूक होते ती या मधल्या हिशोबातच.

गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट, चौ.मी.त १०१.१७. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४०४६.८६ चौ.मी. आर मात्र बरोबर १०० चौ.मी.चा असतो. बोलताना आपण आरालाच गुंठा म्हणतो, शेतात उभं राहून बोलायला ते चालतं पण दस्तात नाही.

समजा आजोबांच्या जुन्या खरेदीखतात, दिंडोरीकडच्या जमिनीचं क्षेत्र "१-१५" लिहिलंय. हे १ एकर १५ गुंठे आहे, १.१५ एकर नाही! कॅल्क्युलेटरवर १.१५ गुणिले ४०४६.८६ केलं की ४६५४ चौ.मी. येतात आणि खरं क्षेत्र आहे ५५ गुंठे, म्हणजे ५५ गुणिले १०१.१७१४, म्हणजे ५५६४.४३ चौ.मी. जवळजवळ नऊ गुंठे कागदावरच गायब. म्हणून आधी सगळ्याचे गुंठे करा, एकराला ४० ने गुणून वरचे गुंठे मिळवा, मगच १०१.१७ ने गुणा. आणि ५५ गुंठ्यांचे सरळ ५५ आर धरले तर ५५०० येतात, म्हणजे ६४ चौ.मी. कमी, हे झाले साधारण ६९३ चौरस फूट, एका छोट्या घराएवढी जागा.

आता सातबारा समोर धरा. तिथे ०.५५.६४ असं काही दिसेल. पहिला आकडा हेक्टर, मधला आर, शेवटचा चौ.मी. हेक्टरला १०,००० ने, आरला १०० ने गुणायचं आणि शेवटचा तसाच मिळवायचा, म्हणजे ५५६४. जुन्या कागदाशी जुळलं. मधला आकडा एकअंकी असेल तर जपून वाचा, ०.०५.६४ म्हणजे पाच आर, पन्नास नाही.

एक-दोन चौ.मी.चा फरक आला तर तो बहुतेक पूर्णांक करताना पडलेला असतो. पण फरक गुंठ्यांत असेल तर आकडा जुळवून घेऊ नका. आधी पोटखराबा एकूण क्षेत्रात धरलाय का बघा, मग फेरफार काढून मध्ये वाटणी किंवा रस्त्याला जागा गेलीये का ते तपासा, तरी उलगडा झाला नाही तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो. दस्तात आम्ही चालू सातबारावरचंच क्षेत्र लिहितो, हवं तर पुढे एकर-गुंठ्यातही देतो. येताना ताजा सातबारा, आठ-अ आणि जुनं खरेदीखत तिन्ही आणा, आकडेमोड तुमच्यासमोर बसून करू.